विभावरीवहिनींचा आवक शिक्का

विभावरीवहिनींना ओळखणारी पन्नास माणसं तरी जर्मनीत असतील, आणि त्यातली निम्मी तुम्हाला सांगतील की त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. उरलेली निम्मी सांगतील की त्यांच्यामुळे माझी डिग्री जाता जाता वाचली. दोन्ही खरं आहे. पण यातलं कुणीच त्या दिवशी त्या खोलीत नव्हतं, मी होतो. म्हणून हे मीच लिहितोय. आणि आधीच सांगतो, मी यात फार चांगला दिसणार नाही.

विद्यापीठाचं नाव लिहीत नाही. न्युरेम्बर्गपासून रेल्वेनं तासाभरावर आहे एवढं पुरे. मी कराडहून मेकॅनिकल करून २००४ साली तिथं मास्टर्सला गेलो. विभावरीवहिनी आमच्या विभागाच्या कार्यालयात, म्हणजे श्टुडिएनब्युरोत, अर्धवेळ कामाला होत्या. नवरा पद्माकर, न्युरेम्बर्गच्या एका कंपनीत इंजिनिअर. मुलगी स्पृहा, वय वर्षं आठ. तिला मराठी सगळं कळायचं आणि उत्तर मात्र जर्मनमधून यायचं.

वहिनींचे वडील साताऱ्याला जिल्हा परिषदेत आवक-जावकच्या टेबलावर. आयुष्यभर एकच काम. कागद आला की शिक्का, तारीख, सही, मग वाचणं. "आधी शिक्का, मग डोळे," असं ते म्हणायचे म्हणे. सुट्टीत वहिनी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून शाईचा पॅड ओला करायच्या. लग्न होऊन इकडे आल्यावर आठ वर्षं घरात काढली, जर्मनच्या परीक्षा दिल्या, आणि २००५च्या जानेवारीत ही नोकरी मिळाली. दोन वर्षांचं कंत्राट. पहिल्या दिवशी टेबलावर काय होतं? शिक्का आणि शाईचा पॅड! शिक्क्यावर 'मिळाले' अशा अर्थाचा जर्मन शब्द, खाली फिरवायची तारीख, आणि शेजारी घेणाऱ्यानं आपली खूण करायची. बाकीच्या बायका आद्याक्षरं लिहायच्या. वहिनी देवनागरीत बारीकसा 'वि' काढायच्या. "एवढं एकच मराठी अक्षर लिहायला मिळतं रे दिवसभरात," असं मला एकदा म्हणाल्या होत्या.

आम्हा मराठी पोरांना काय, ऑफिसात आपलं माणूस आहे म्हटल्यावर स्वर्ग दोन बोटं. कुठला फॉर्म कुठे द्यायचा, कुणाचा मूड कसा आहे, सगळं वहिनींना विचारायचं. त्याही सांगायच्या. दिवाळीला घरी बोलवायच्या, चकल्या खायला घालायच्या. आम्ही सगळे इंजिनिअर, पण डोक्यात आपलं तेच: कागदापेक्षा ओळख मोठी. जर्मनीत दोन वर्षं राहूनही ते काही डोक्यातून गेलं नव्हतं.

आता माझं. माझा एक विषय अडकला होता, स्ट्रक्चरल डायनॅमिक्स. दोनदा नापास. जर्मनीत एकाच परीक्षेला बहुधा तीन संधी असतात. तिसऱ्यांदा गेलो की 'कायमचा नापास' असं पत्र येतं, नाव कमी होतं, आणि नाव कमी झालं की व्हिसाही जातो. म्हणजे कराडला परत, हात हलवत. आई-बाबांना काय सांगणार होतो? फेब्रुवारी २००७ची परीक्षा ही माझी तिसरी आणि शेवटची.

आणि नेमक्या त्याच विषयाबद्दल विभागाच्या वेबसाइटवर दोन परिपत्रकं होती. एकात लिहिलेलं, जुन्या परीक्षा नियमावलीखाली प्रवेश घेतलेल्यांना सातवं प्रकरण, रँडम व्हायब्रेशन्स, परीक्षेला नाही. दुसऱ्यात लिहिलेलं, सातवं प्रकरण सर्वांना आहे. मी जुन्या नियमावलीचा. कुठल्याच कागदावर तारीख नाही! वेबसाइट ऑक्टोबरमध्ये नव्या सिस्टिमवर हलवली होती, त्यामुळे दोन्ही फायलींपुढे चढवल्याची तारीख एकच. आधीचं कोणतं, नंतरचं कोणतं, ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. सातवं प्रकरण म्हणजे नव्वद पानं, आणि मी लेक्चर ऐकली होती तेव्हा ते शिकवलंच नव्हतं. असिस्टंटला विचारलं तर तो म्हणाला, कार्यालयाचं परिपत्रक बघ. कुठलं बघू, बाबा? प्रोफेसरांकडे जायची मला लाज वाटत होती. दोनदा नापास झालेलं तोंड घेऊन कुठे जाणार?

मग मी आयुष्यात पहिल्यांदा शहाण्यासारखं वागलो. कार्यालयाला कागदावर पत्र लिहिलं. जर्मनमध्ये, शेजारच्या खोलीतल्या मुलाकडून तपासून घेऊन. मराठीत सांगायचं तर असं:

"आपल्या संकेतस्थळावर स्ट्रक्चरल डायनॅमिक्स या विषयाच्या अभ्यासक्रमाबद्दल दोन परिपत्रकं आहेत. एकानुसार सातवं प्रकरण मला लागू नाही, दुसऱ्यानुसार लागू आहे. दोन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. मी २००४ सालचा विद्यार्थी आहे आणि ही माझी तिसरी संधी आहे. यांपैकी कोणतं परिपत्रक मला लागू होतं, ते कृपया लेखी कळवावं."

बस्स, एवढंच. मंगळवारी संध्याकाळी कार्यालयाच्या दाराजवळच्या पेटीत टाकलं. गुरुवारी वहिनींचा फोन.

"नागेश, शनिवारी जेवायला ये. पुरणपोळी केलीय."

नोव्हेंबरात पुरणपोळी! मी काही विचार केला नाही. खाणारा माणूस विचार करत नसतो.

शनिवारी जेवणं झाली, पद्माकर स्पृहाला घेऊन पोहायला गेले. वहिनींनी आतून माझं पाकीट आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे परत घे."

"का? काय झालं?"

"अरे, असं लेखी विचारलंस की ते नोंदवावं लागतं. मग हेर क्रॅमरकडे जातं, तो लेखी उत्तर देतो, आणि उत्तर देण्याआधी वेबसाइट उघडून बघतो." हेर क्रॅमर म्हणजे त्यांचा साहेब. "आणि दोन्ही कागद वर कुणी चढवलेत? मी. जुनी साइट बंद होणार म्हणून होतं नव्हतं तेवढं सगळं चढवलं. जुनं कोणतं, नवं कोणतं, ते कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. डिसेंबरअखेर माझं कंत्राट संपतंय, नागेश. याच महिन्यात तो ठरवणार आहे."

मला वाईट वाटलं. आजही वाटतं, हे खोटं नाही.

"पण मला उत्तर हवंय ना, वहिनी. माझीही शेवटचीच संधी आहे."

"मी सांगते ना उत्तर! सातवं प्रकरण तुला नाही. ते नाही म्हणणारं परिपत्रक फोल्डरमध्ये सगळ्यात शेवटी होतं, मी शेवटी चढवलं, म्हणजे तेच नवं. दुसरं मी साहेब सुट्टीवर गेला की हळूच काढून टाकते. मी सांगतेय म्हटल्यावर तुला कागद कशाला हवा?"

कागद कशाला हवा! हे वाक्य आवक-जावकच्या क्लार्कची मुलगी बोलली. आणि मी, माझ्या तोंडात पुरणपोळीची चव, मी म्हणालो, "हो, खरंच की. तुम्ही आहात म्हटल्यावर प्रश्नच नाही." पाकीट उघडूनही पाहिलं नाही. सॅकमध्ये टाकलं, घरी जाऊन कागदांच्या ढिगात ठेवलं, आणि सातव्या प्रकरणाची नव्वद पानं बाजूला ठेवून सहा प्रकरणं घासत बसलो.

डिसेंबरात वहिनींना आणखी एक वर्ष मिळालं, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाईच्या जागी. त्यांनी फोन करून आनंदानं सांगितलं. परिपत्रकाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. जानेवारीच्या मध्यात साहेबानं स्वतःच साइट बघितली आणि एक परिपत्रक काढून टाकलं. सातवं प्रकरण नाही म्हणणारं! ते दोन वर्षांपूर्वीचं होतं. हे वहिनींना माहीत नव्हतं, त्या आठवड्यात स्पृहाला कांजिण्या आल्या म्हणून त्या घरी होत्या. आणि मी साइट कशाला बघतोय? मला माझ्या माणसानं सांगितलं होतं.

परीक्षेत पाच प्रश्न. त्यातले दोन सातव्या प्रकरणावर. त्या दोघांपुढे मी फक्त प्रश्नांचे नंबर लिहिले.

मार्चमध्ये पत्र आलं. कायमचा नापास. महिन्याच्या आत हरकत घेता येते असं तळाशी लिहिलं होतं. मी हरकत घेतली. लिहिलं की परिपत्रकं परस्परविरोधी होती, दोन्ही छापील प्रती माझ्याकडे आहेत, मी कार्यालयात विचारणाही केली होती. 'विचारणा केली होती' एवढंच. कुणाला, कशी, ते लिहिलं नाही. मे महिन्यात परीक्षा समितीपुढे बोलावणं आलं.

बोलावण्याच्या आदल्या आठवड्यात मी सगळे कागद काढून लावत बसलो. ते पाकीट सापडलं. पत्र बाहेर काढलं आणि बघतच राहिलो. वरच्या उजव्या कोपऱ्यात शिक्का. मिळाले, १५ नोव्हेंबर २००६. शेजारी बारीक 'वि'.

बाईंनी पेटीतून पाकीट काढलं, फोडलं, बापाच्या शिकवणीप्रमाणे आधी शिक्का मारला, मग वाचलं, मग घाबरल्या. आणि तोच कागद पुरणपोळीनंतर मला परत दिला. कार्यालयाला पत्र मिळालं होतं आणि कार्यालयानं उत्तर दिलं नाही, याचा याहून पक्का पुरावा कुठला असणार! मी खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. खरं सांगतो, त्या क्षणी मला वहिनींची आठवणसुद्धा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

"नागेश, समितीनं मलाही बोलावलंय. साहेबानं विचारलं, त्या मुलाचं काही पत्र आलं होतं का. मी नाही म्हणाले. तूही पत्राचं बोलू नकोस हं. तोंडी विचारलं म्हण. कुणाला ते आठवत नाही म्हण."

"मग माझं काय, वहिनी?"

"निघेल काहीतरी. दोन परिपत्रकं होती हे तर खरं आहे ना? तेवढ्यावर होईल तुझं." मग म्हणाल्या, "मी आलेलं पत्र परत दिलं हे कळलं ना, तर मला त्याच दिवशी घरी बसवतील रे. पद्माकरलाही मी यातलं काही सांगितलेलं नाही."

पत्र माझ्या समोर टेबलावर होतं. शिक्का वर होता. मला एवढंच म्हणायचं होतं: 'वहिनी, त्यावर शिक्का आहे, तुम्ही नाही म्हणू नका, आत्ताच साहेबाला जाऊन खरं सांगा.' स्वतःहून सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. चूक ही चूक असते, जर्मन माणूस कबूल केलेली चूक पोटात घालतो, हे मी पाहिलेलं आहे. पण मी सांगितलं असतं आणि त्यांनी पत्रच मागितलं असतं तर? रडल्या असत्या तर? मी दिलं असतं. मला माझी खात्री नव्हती. म्हणून मी म्हणालो, "बरं, बघू."

बरं, बघू. दोन शब्द. कुणाचा गळा कापायला याहून मऊ सुरी मिळायची नाही.

समितीची खोली छोटी होती. अध्यक्ष प्रोफेसर, आणखी दोन प्रोफेसर, विद्यार्थ्यांची एक प्रतिनिधी, हेर क्रॅमर, आणि भिंतीकडेच्या खुर्चीवर वहिनी. निळा कोट घालून आल्या होत्या. मला बघून मान किंचित हलवली.

अध्यक्ष माणूस वाईट नव्हता. दोन्ही परिपत्रकं त्यानं नीट वाचली. म्हणाला, हे आमच्या बाजूनं बरं झालं नाही, मान्य. पण जानेवारीपासून साइटवर एकच परिपत्रक होतं, आणि तेच लागू होतं. त्याआधी दोन होती, तर तुम्हाला शंका आली होती. ज्याला शंका येते त्यानं चौकशी करायची असते, ती त्याची जबाबदारी. "तुम्ही लेखी विचारलं होतं का?"

सगळं या एका प्रश्नावर येऊन थांबलं होतं. विचारलं असेल तर दोष कार्यालयाचा. नसेल तर माझा, आणि मी कराडला.

मी तोंड उघडण्याआधी तो वहिनींकडे वळला. "असं काही पत्र तुमच्याकडे आलं होतं?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "असं कोणतंही पत्र आलं नाही."

आवाज अगदी स्वच्छ होता. मला वाटलं होतं तसा कापला नाही. आणि त्या आवाजाचा मला राग आला, एवढा राग आला की विचारू नका! माझं आयुष्य त्या खुर्चीवर बसून पुसून टाकत होत्या, निळा कोट घालून. मी सॅक उघडली आणि पत्र टेबलावर ठेवलं.

अध्यक्षानं शिक्का वाचला, तारीख वाचली. हेर क्रॅमरनं चष्मा काढून वाचला. "ही खूण कुणाची?" अध्यक्षानं विचारलं. तो 'वि' त्याला कुठे कळणार! पण हेर क्रॅमरला कळला. दोन वर्षं रोज तो ती खूण बघत होता. त्यानं भिंतीकडे, वहिनींकडे पाहिलं.

वहिनींनी शिक्क्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "माझी आहे."

माझा तिसरा प्रयत्न रद्द धरला. सप्टेंबरात पुन्हा बसलो, सातव्या प्रकरणासकट, आणि जेमतेम पास झालो. मास्टर्स झालं, न्युरेम्बर्गला नोकरी लागली. वहिनींना त्या बैठकीच्याच आठवड्यात सांगितलं की स्वतःहून सोडा, नाहीतर आम्हाला काढावं लागेल. चुकीचं परिपत्रक चढवलं म्हणून नाही. आलेलं पत्र कार्यालयाबाहेर दिलं आणि समितीपुढे खोटं बोलल्या म्हणून. चढवल्याबद्दल तर हेर क्रॅमर म्हणाला होता म्हणे, तारखा टाकायला मी सांगायला हवं होतं. म्हणजे ज्या चुकीला त्या घाबरल्या त्या चुकीला कुणी काही म्हणणारच नव्हतं. हे मला नंतर त्या विद्यार्थी प्रतिनिधीनं सांगितलं. मी कपाळाला हात लावला.

मग आमच्या लोकांत दोन तट पडले, ते वर सांगितलंच. दिवाळीची चकली बंद झाली. पद्माकर मला एकदा रेल्वेत दिसले, डबा बदलून गेले. मी मनाशी घोकायचो: त्यांनी मला बुडवलं होतं, खोटं त्या बोलल्या, मी फक्त खरं दाखवलं. कुणीही विचारलं की हेच सांगायचो. आणि कुणी विचारलं की, शिक्का आहे हे तुला कधी कळलं, तर म्हणायचो, तिथेच, पत्र काढताना. हे मी कसं आणि कधीपासून म्हणायला लागलो, मला आठवत नाही.

२००९च्या ऑक्टोबरात न्युरेम्बर्ग स्टेशनवरच्या बेकरीत रांगेत उभा होतो. पाळी आली, मान वर केली. काउंटरमागे विभावरीवहिनी, डोक्याला बेकरीची टोपी.

"बिटं?" त्या म्हणाल्या, गिऱ्हाइकाला 'काय देऊ' विचारतात तसं. मग ओळखलं. "काय हवंय, नागेश?"

"एक ब्रेत्सेल." दुसरं काय बोलणार? "कशा आहात, वहिनी? स्पृहा?"

"छान आहे. मराठी बोलायला लागलीय आता. मी दुपारी घरी असते ना." त्यांनी चिमट्यानं ब्रेत्सेल उचलून पिशवीत घातली. मागे दोन माणसं उभी होती. त्या खाली बघतच म्हणाल्या, "एक विचारू? तो शिक्का मी मुद्दाम मारला असं काहीजण म्हणतात. तुला वाचवायला म्हणे. तसं काही नव्हतं रे. हात गेला. सवयीनं. पुढं लक्षातही राहिलं नाही."

"माहीत आहे मला."

"आणि तुझ्याही लक्षात तिथेच आलं, त्या खोलीत. हो ना?" आता त्यांनी वर पाहिलं. "दोन वर्षं झाली, पद्माकर म्हणतोय, त्या मुलाला आधीच माहीत होतं, त्यानं तुला फासावर जाऊ दिलं. मी प्रत्येक वेळी भांडते. म्हणते, नागेशला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी फोन केला तेव्हा त्यानं मला सांगितलं असतं."

मागचा माणूस खाकरला. मी पिशवी घेतली. वहिनी वाट बघत होत्या, आणि मला 'हो' म्हणता आलं नाही, 'नाही'ही म्हणता आलं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्या खोलीत बघितलं होतं तसंच. मग मान फिरवली आणि माझ्या मागच्या माणसाला विचारलं, "बिटं?"